स्वीकारलेली ऑफर कंपनीने बदलली किंवा मागे घेतली, तर काय करायचं आणि काय लिहायचं

ऑफर लेटर आलं, तुम्ही होकार कळवला, जुन्या कंपनीत राजीनामा दिला आणि रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी एचआरचा फोन आला. हा फोन दोन प्रकारचा असतो. एकात ‘पोझिशन होल्डवर गेलीय’ म्हणतात, म्हणजे ऑफर गेली. दुसऱ्यात ‘थोडं रिस्ट्रक्चरिंग झालंय, सीटीसी तोच आहे’ म्हणतात. यातला दुसरा फोन जास्त फसवा. पहिल्यात नुकसान समोर दिसतं, दुसऱ्यात ते आकड्यांत दडलेलं असतं आणि माणूस घाईत ‘ठीक आहे सर’ म्हणून मोकळा होतो. म्हणून या लेखात दुसरा प्रकार सविस्तर घेतला आहे. ऑफर पूर्ण मागे घेतली गेली तर पुढं काय, तेही शेवटी आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतला एक क्वालिटी इंजिनिअर धरू. सध्या हातात महिना 38,000 रुपये, राहणं घरी. चाकणच्या कंपनीची ऑफर वर्षाला 7,20,000 ची. त्यात ठरलेला पगार महिना 55,000, म्हणजे वर्षाचे 6,60,000, आणि कामगिरीवर मिळणारे, म्हणजे व्हेरिएबल, 60,000. त्यानं 2 तारखेला मेलवर होकार कळवला आणि 3 तारखेला राजीनामा दिला. नोटीस तीस दिवसांची, चाकणला रुजू व्हायचं पुढच्या महिन्याच्या 8 तारखेला. फोन आला 24 तारखेला.

फोनवर काय बोलायचं

अशा गोष्टी आधी फोनवर सांगतात, कारण फोनचा कागद होत नाही. तुमचं काम एवढंच की फोनवर होकारही द्यायचा नाही आणि नकारही नाही. ‘मॅडम, लक्षात आलं. जे बदललंय ते मेलवर पाठवाल का? वाचून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो.’ इतकं बोलून फोन ठेवा. रागावू नका, कारण फोन करणारीनं हा निर्णय घेतलेला नसतो आणि पुढं तुमचं म्हणणं वर नेणारी तीच असते.

व्हॉट्सॲपवर ‘ओके’ किंवा अंगठा पाठवू नका. कंपनीच्या पोर्टलवर सुधारित ऑफर दिसत असेल तर ती वाचा, पण स्वीकाराचं बटण दाबू नका. सुधारित पत्रात बहुतेक वेळा एक ओळ असते की हे पत्र यापूर्वीच्या सर्व पत्रांची जागा घेते. त्याच्याखाली सही केली की जुनी ऑफर तुमच्याच संमतीनं संपते. करारातल्या अटी दोघांच्या संमतीनं बदलता येतात असं भारतीय करार कायदा 1872 चं कलम 62 सांगतं. म्हणजे तुमची संमती हीच तुमच्या हातातली मुख्य गोष्ट आहे, आणि ती घाईत दिली की पुन्हा बोलायला जागा उरत नाही.

त्याच दिवशी कागद गोळा करा. ऑफर लेटरची पीडीएफ, ते ज्या मेलसोबत आलं तो मेल, तुमचा होकाराचा मेल, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचं उत्तर. पोर्टलचा प्रवेश कधीही बंद होऊ शकतो, म्हणून तिथलं सगळं आधी उतरवून घ्या. यातलं काही जुन्या कंपनीच्या मेल आयडीवर असेल तर ते आजच स्वतःच्या मेलवर घ्या, शेवटच्या दिवशी तो आयडी बंद होतो. मात्र घ्यायचा तो फक्त तुमचा पत्रव्यवहार. जुन्या कंपनीचं ड्रॉइंग किंवा रिपोर्ट चुकूनही त्यात नको.

कंपनीनं मेल पाठवला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच पाठवा: ‘काल दुपारी झालेल्या बोलण्यानुसार ठरलेला मासिक पगार 55,000 ऐवजी 45,000 आणि वार्षिक व्हेरिएबल 60,000 ऐवजी 1,80,000 असा बदल सुचवला आहे, असं मला समजलं. यात काही चुकत असेल तर कृपया दुरुस्त करावं. या बदलाला मी अजून संमती दिलेली नाही.’ याचं उत्तर आलं नाही तरी तारखेसकट नोंद तयार झाली.

बदल नेमका किती रुपयांचा

नवी रचना अशी: ठरलेले वर्षाला 5,40,000, व्हेरिएबल 1,80,000. बेरीज तीच 7,20,000. पण नक्की हातात येणाऱ्या पैशात वर्षाला 1,20,000 ची, म्हणजे महिन्याला 10,000 ची घट झाली. आता यातून चाकणचा खर्च वजा करा. खोलीचे 9,000 आणि मेसचे 4,000 धरले, तर 55,000 मधून 42,000 उरत होते. घरच्या 38,000 पेक्षा जास्त. नव्या 45,000 मधून उरतात 32,000. पीएफसारख्या कपाती यात धरलेल्या नाहीत, त्या धरल्या की आकडा आणखी खाली येतो. म्हणजे ‘किरकोळ बदल’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीनं घर सोडून जायचं कारणच संपलं. ही आकडेमोड मेलमध्ये घालायची नाही, ती तुमच्यासाठी आहे. यातून तुमची किमान रेषा ठरते. इथं ती 51,000 च्या आसपास येते, कारण त्याखाली गेलं की हातात घरच्याइतकेही उरत नाहीत.

व्हेरिएबल हा पैसा नाहीच असं नाही, पण तो किती खरा आहे ते चार गोष्टींवर ठरतं. तो कोणत्या महिन्यात मिळतो. त्या तारखेला नोकरीत असणं आवश्यक आहे का. त्यात कंपनीच्या नफ्याचा वाटा किती आणि तुमच्या कामाचा किती. आणि तुमच्या ग्रेडला मागच्या दोन वर्षांत तो किती टक्के मिळाला. शेवटच्या प्रश्नावर एचआर अडखळली तर उत्तर मिळालंच म्हणून समजा.

हल्ली एक कारण हमखास पुढं येतं, नव्या श्रम संहितेमुळे रचना बदलावी लागली. चारही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत, हे खरं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, हेही खरं. त्यामुळे काही कंपन्यांत बेसिक वाढतं, त्यावर चालणारी पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम वाढते आणि हातात थोडे कमी येतात. पण हा बदल ठरलेल्या पगाराच्या आतला आहे. पीएफमध्ये जास्त गेलं तर ते तुमच्याच खात्यात जातं. ठरलेला पगार कमी करून व्हेरिएबल तिप्पट करा, असं संहिता सांगत नाही. तेव्हा जुन्या आणि नव्या पत्रातली ‘ठरलेला पगार + कंपनीचा पीएफ + ग्रॅच्युइटी’ ही बेरीज शेजारी शेजारी मांडा. बेरीज तीच असेल तर कारण खरं असू शकतं. बेरीज घटली असेल तर कायद्याचं नाव नुसतं पुढं केलंय.

नवी कंपनी नंतर, आधी जुनी

आपल्या इंजिनिअरच्या नोटीसचे अजून आठ-नऊ दिवस बाकी आहेत, आणि या क्षणी त्याच्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट तीच आहे. बरेच जण चाकणशी भांडण्यात आठवडा घालवतात आणि शिरोलीतून मोकळे झाल्यावर मागं वळून बघतात. क्रम उलटा ठेवा.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1978 च्या गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात मांडलं. पण ते प्रकरण घटनात्मक पदाचं होतं. खासगी कंपनीनं राजीनामा स्वीकारल्याचं कळवलं असेल तर व्यवहारात त्यांची राजीखुशी लागते, नियुक्तिपत्रात काय लिहिलंय तेही बघावं लागतं. म्हणून आधी कागद नाही, आधी साहेबांना भेटा. तुमच्या जागी माणूस घेतला आहे का, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. घेतला नसेल तर बहुतेक फाउंड्रीवाले अनुभवी माणूस राहतोय म्हणून खूशच असतात. एवढंच सांगा: ‘साहेब, तिकडच्या अटी ठरल्याप्रमाणे राहिलेल्या नाहीत. जागा भरली नसेल तर इथंच राहायची माझी इच्छा आहे.’ पगारवाढीची गोष्ट या भेटीत काढू नका.

साहेब हो म्हणाले तर त्याच दिवशी लेखी द्या: ‘दिनांक 3 रोजी दिलेला राजीनामा, जो पुढील महिन्याच्या 2 तारखेपासून लागू होणार होता, तो मी मागे घेत आहे. आपण तो मान्य करून माझी सेवा खंड न पडता सुरू असल्याचं कृपया लेखी कळवावं.’ यातलं ‘खंड न पडता’ हे शब्द गाळू नका. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. साडेचार वर्षं झालेल्या माणसाला मोकळं करून पुन्हा नव्या नियुक्तिपत्रावर घेतलं तर ती मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायचा धोका असतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल मिळून हे जग लहानच. क्वालिटीतला माणूस कुठून कुठं चाललाय हे गाडीअड्ड्यावरसुद्धा कळतं. म्हणून दोन्हीकडं एकच गोष्ट सांगा, आणि तीही थोडक्यात.

बदलाला उत्तर देणारा मेल

आता चाकण. उत्तराच्या मेलमध्ये चार गोष्टी या क्रमानं येतात: काय ठरलं होतं, त्यावर विसंबून तुम्ही काय केलं, तुमची मागणी काय, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. मेल इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच.

‘महोदया,
आपल्या ऑफर लेटरमध्ये ठरलेला मासिक पगार 55,000 रुपये नमूद आहे. मी 2 तारखेच्या मेलनं ती ऑफर स्वीकारली आणि तिच्यावर विसंबून 3 तारखेला सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला.
काल सुचवलेल्या बदलात ठरलेला पगार वर्षाला 1,20,000 रुपयांनी कमी होतो. या बदलाला माझी संमती नाही. आपल्या कंपनीत रुजू होण्याची माझी इच्छा कायम आहे, त्यामुळे मूळ ऑफर लेटरमधल्या अटी कायम ठेवाव्यात ही विनंती.
सध्याच्या कंपनीला मला 29 तारखेपर्यंत निर्णय कळवायचा आहे. म्हणून 28 तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत आपलं लेखी उत्तर मिळावं.’

यात ‘धक्का बसला’, ‘विश्वासघात’ असे शब्द नाहीत, वकिलाचा उल्लेखही नाही. धमकी पहिल्याच मेलमध्ये आली की फाइल एचआरकडून कंपनीच्या कायदा विभागाकडं जाते आणि तिथं सगळं सावकाश चालतं. मुदत मात्र खरी असली पाहिजे. 29 तारीख साहेबांशी बोलूनच ठरवा. ती टळली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर पुढच्या मुदतीला कोणी विचारणार नाही.

‘रुजू होण्याची इच्छा कायम’ हे वाक्य नुसती नम्रता नाही. ते नसेल तर उद्या कंपनी म्हणू शकते की उमेदवारानंच ऑफर नाकारली.

कंपनी 55,000 ला तयार झाली नाही तर मधला मार्ग काय, ते आधीच ठरवून ठेवा. पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल हमीचं करून तिमाहीला 45,000 द्यावं, हा चांगला पर्याय, कारण त्यात कंपनीची रचना तशीच राहते आणि तुमचे पैसेही येतात. एकरकमी जॉइनिंग बोनस दिसायला बरा असतो, पण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायची अट त्याला बहुधा चिकटलेली असते आणि दुसऱ्या वर्षी पगार 45,000 वरच राहतो. ‘सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू’ या आश्वासनाला आकडा आणि तारीख पत्रात आल्याशिवाय काडीची किंमत नाही. जे ठरेल ते सुधारित ऑफर लेटरमध्ये आल्यावरच सही करा.

पगाराऐवजी रुजू व्हायची तारीख पुढं गेली तर मागणी वेगळी असते. नवी तारीख लेखी मागा आणि जुन्या कंपनीत तितके दिवस नोटीस वाढवून मिळते का पहा. एकदा तारीख पुढं जाणं समजण्यासारखं आहे. दुसऱ्यांदा ‘लवकरच कळवतो’ आलं तर ऑफर गेली असं धरून चाला, मग पत्र येवो न येवो.

ऑफर पूर्ण मागे घेतली तर

आधी मूळ ऑफर लेटरमधल्या अटी वाचा. ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांवर अवलंबून आहे, अशी ओळ जवळपास प्रत्येक पत्रात असते. माघारीचं कारण यापैकी असेल तर कंपनीची बाजू भक्कम असते, पण कारण दुरुस्त होण्याजोगंही असू शकतं. पीएफच्या सेवा नोंदीत जुन्या नोकरीची शेवटची तारीख चुकीची असेल, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारख्या दिसतात. म्हणून नम्रपणे विचारा: ‘पडताळणीतल्या कोणत्या नोंदीत तफावत आढळली ते कळवल्यास मी रिलीव्हिंग लेटर आणि पगारपत्रकांसह खुलासा सादर करेन.’

कारण कंपनीचं असेल, म्हणजे ऑर्डर कमी झाली, प्रोजेक्ट थांबला, तर गोष्ट वेगळी. करार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे प्रस्ताव मागे घ्यायचा तो स्वीकार पूर्ण होण्याआधी. होकार कळवल्यानंतरची माघार हा सर्वसाधारणपणे करारभंग ठरतो, आणि मेलवरचा करार केवळ मेलवर झाला म्हणून निरुपयोगी ठरत नाही. मात्र यातून काय मिळतं त्याचा अंदाज वास्तव असू द्या. ‘मला नोकरीवर घ्या’ असा आदेश खासगी कंपनीविरुद्ध न्यायालय सहसा देत नाही. मिळाली तर भरपाई मिळते. कंपनी रुजू झाल्यानंतरही नोटीस देऊन काढू शकली असती, म्हणून ती रक्कम बहुतेक वेळा नोटीसकाळाच्या पगाराच्या आसपास अडकते. शिवाय कलम 73 नुसार नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केला का, हे पाहिलं जातं. घरी बसून राहिलेल्या माणसाचा दावा कमकुवत होतो. तेव्हा रोज केलेले अर्ज आणि आलेली उत्तरं जपून ठेवा.

म्हणून मागणीही याच मापाची ठेवा:

‘माघारीचं कारण कृपया लेखी कळवावं. ऑफर लेटरनुसार नोटीसकाळ एक महिन्याचा आहे, त्यामुळे एक महिन्याचा ठरलेला पगार 55,000 रुपये आणि चाकणच्या खोलीसाठी दिलेले, परत न मिळणारे 9,000 रुपये, ज्यांची पावती सोबत जोडली आहे, अशी एकूण 64,000 रुपयांची भरपाई मिळावी. आपल्या दुसऱ्या विभागात योग्य जागा असल्यास माझा विचार व्हावा.’

एक महिन्याचा पगार ही रक्कम प्लांट हेड आपल्या अधिकारात मंजूर करून घेऊ शकतो. सहा महिन्यांचा मागितला की ते प्रकरण मुख्य कार्यालयाकडं जातं आणि तिथंच राहतं. कंपनी पैसे द्यायला तयार झाली तर सोबत ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असं पत्र सहीला येईल. रक्कम मान्य असेल तर त्यात काही गैर नाही, पण पैसे खात्यावर जमा झाल्यावरच सही, किंवा निदान ‘रक्कम मिळाल्यावर लागू’ ही ओळ त्यात घालून घ्या.

पंधरा दिवसांत काहीच उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. ती स्पीड पोस्टानं कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर जाते आणि पोचल्याची नोंद तुमच्याकडं राहते. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षांची आहे, त्यामुळे रागाच्या भरात लगेच धावायची गरज नाही. ऑफर लेटरमध्ये ‘न्यायक्षेत्र पुणे’ असं असेल तर तारखांना पुण्याला जावं लागेल, तो खर्च 64,000 मधून मनातल्या मनात वजा करा. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच 2025 च्या ऑगस्टपासून सुरू झाल्यानं आता सगळं इथंच होईल, असा काहींचा समज आहे. असा दावा सुरू होतो दिवाणी न्यायालयात, बेंचचा प्रश्न फार पुढचा. वकिलाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारून या. दावा दाखल होण्यापूर्वीची तडजोड तिथं होऊ शकते, आणि महिलांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नसते.

कॉलेजमधून कॅम्पसमध्ये लागलेल्यांनी यातलं काही स्वतः करायच्या आधी प्लेसमेंट अधिकाऱ्याला गाठावं. कंपनीला पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात यायचं असतं, म्हणून त्यांच्या फोनचं वजन जास्त. ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमामुळे तुम्ही यादीतून बाहेर असाल, तर माघारीचा मेल दाखवून पुन्हा बसायची परवानगी लेखी घ्या.

ज्या कंपन्यांना तुम्ही या ऑफरसाठी नकार कळवला होता, त्यांना त्याच आठवड्यात दोन ओळी पाठवा: ‘मी स्वीकारलेली ऑफर कंपनीच्या अंतर्गत कारणामुळे मागे घेतली गेली आहे. ती जागा अजून रिकामी असल्यास मी 8 तारखेपासून रुजू होऊ शकतो.’ मुलाखतीत विचारलं तर तेच एक वाक्य सांगा, आणि त्यांनी मागितला तर माघारीचा मेल दाखवा. कंपनीचं नाव घेऊन लिंक्डइनवर लिहायचा मोह होतो, पण भरपाईचं बोलणं चालू असेपर्यंत तो आवरा. ती पोस्ट चाकणच्या एचआरआधी तुमचा पुढचा मुलाखतकार वाचतो.